सामू लिहू की पीएच? माती तपासणीच्या पत्रकातले शब्द कसे ठरवावेत

समजा, काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा यावर तुम्हाला दोन पानी पत्रक लिहायचं आहे. विषय तुम्हाला येतो, बागायतदार मराठी उत्तम वाचतात. तरी पहिल्या ओळीलाच हात थांबतो. सामू लिहायचं की पीएच? जस्त की झिंक? पालाश की पोटॅश? एका बाजूला परिभाषा कोश असतो, दुसऱ्या बाजूला दुकानातलं पोतं, आणि दोघांचा शब्द एक नसतो.

नागपुरात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था इथे आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही इथेच. त्यांचं मूळ लिखाण बहुतेक इंग्रजीत होतं. ते मराठीत आणून शेतकऱ्याच्या हातात देण्याचं काम मग तुमच्या-माझ्यासारख्यांकडे येतं. शिवाय बाजारात हिंदी चालते. कृषी केंद्राच्या काउंटरवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात ऐकू येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शब्द मराठी आहे की इंग्रजी, यावरून निवड करू नये. वाचक तो शब्द घेऊन पुढे कुठे जाणार आहे ते बघावं. अहवालातला आकडा शोधणार, दुकानात माल मागणार, की नुसतं समजून घेणार? या तीन ठिकाणी तीन वेगळे निर्णय निघू शकतात, आणि निघाले तरी त्यात काही चूक नाही.

आधी शब्दांचा प्रवास लिहून काढा

पत्रकाचा कच्चा खर्डा करताना शब्दांवर अडू नका. जो सुचेल तो टाका. खर्डा झाला की त्यातले तांत्रिक शब्द वेगळ्या कागदावर उतरवा. माती परीक्षणाच्या पत्रकात ते फार नसतात. जमीन आरोग्य पत्रिकेत एकूण १२ बाबी तपासलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मग नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. संत्र्यासाठी त्यात चुनखडीची भर पडते, कारण आपल्याकडच्या काळ्या जमिनीत ती ठरलेलीच.

प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा. अहवालावर काय छापलेलं आहे, दुकानात काय म्हणतात, आणि गावात बोलताना काय म्हणतात. याचं उत्तर घरी बसून मिळत नाही. एक खरा अहवाल समोर घ्या, कृषी केंद्रात अर्धा तास उभे राहा, खताच्या पोत्यांवरचा मजकूर वाचा. कोश शेवटी उघडा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश shabdakosh.marathi.gov.in वर शोधता येतात आणि पर्याय समजून घ्यायला ते फार उपयोगी आहेत. पण कोशात शब्द आहे म्हणजे तो लोकांच्या तोंडी आहे असं होत नाही. कोश पर्याय देतो. तो रुळला की नाही हे बाजारात कळतं.

हा कागद भरला की निम्मे शब्द आपोआप सुटतात. तिन्ही ठिकाणी एकच शब्द असेल तर तोच घ्या आणि पुढे चला. 'गंधक' आणि 'बोरॉन' असे आहेत. एक जुना मराठी, दुसरा सरळ इंग्रजी, आणि दोन्हींना कुणाचा आक्षेप नाही. बोरॉनला मराठी प्रतिशब्द घडवण्याची गरजही नाही. वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचं धोरणही मूलद्रव्यं, मोजमापाची एककं आणि आंतरराष्ट्रीय चिन्हं शक्यतो तशीच ठेवण्याचं आहे.

सामू आणि पीएच

हा शब्द नीट बघू, कारण इथे दोन्ही बाजू खरंच तुल्यबळ आहेत.

'सामू' हा घडवलेला शब्द, पण शेतीत तो रुळला. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत तो असतो, शेतीच्या नियतकालिकांत असतो, कृषी सहायक बोलताना वापरतात. विभक्तीही सहज घेतो: सामूचा, सामूमुळे, सामू वाढला. 'पीएच'ला प्रत्यय लागतात, पण 'पीएचमुळे' वाचताना जीभ थोडी अडखळते. अहवालावर मात्र अनेकदा पीएच असतं, आणि ठिबकमधून खत देणारा तरुण बागायतदार मीटर हातात घेऊन पीएचच बघतो.

पत्रकात मी सामू ठेवतो, पण पहिल्यांदा येतो तिथे दोन्ही एका वाक्यात बांधतो: 'अहवालात पीएच म्हणून जो आकडा असतो, तो जमिनीचा सामू. ७ म्हणजे ना आंबट ना खारट, त्याच्या वर जमीन विम्लतेकडे झुकते.' त्यानंतर शेवटपर्यंत फक्त सामू. मधेच परत पीएच आलं तर वाचकाला वाटतं की ही वेगळी गोष्ट आहे.

पण याच वाक्यात एक खोट आहे. 'आंबट' आणि 'खारट' हे शब्द सोपे आहेत खरे, पण 'खारट' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर खारवट जमीन येते, म्हणजे क्षार साचलेली. ती वेगळी बाब आहे आणि अहवालात तिचा वेगळा रकाना असतो. सामू ८ असलेली जमीन खारवट असेलच असं नाही. म्हणून 'खारट' काढून टाका. 'आम्लधर्मी' आणि 'विम्लधर्मी' हे शब्द माती परीक्षणाच्या मराठीत रुळलेले आहेत, तेच ठेवा आणि अर्थ आकड्याने सांगा: '६.५ ते ७.५ च्या आसपास सामू असेल तर बहुतेक अन्नद्रव्यं झाडाला मिळतात. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत तो बऱ्याचदा ८ च्या पुढे जातो.' सोपा शब्द घेण्याच्या ओढीत चुकीचा शब्द येतो, तो असा.

क्षारांच्या रकान्यासाठी वापरतात त्या 'विद्युत वाहकता' या शब्दाचं उलट आहे. शब्द व्याकरणाने निर्दोष आहे आणि मोजणी खरंच विजेच्या वहनावरून होते. पण शेतकऱ्याला त्यातून वीज दिसते, क्षार दिसत नाहीत, आणि जाणून घ्यायचे असतात ते क्षार. इथे मी 'क्षारता' घेतो आणि अहवालातल्या रकान्याचं नाव म्हणून 'ईसी' एकदा सांगतो. एकक मात्र बदलायचं नाही. डेसिसायमन प्रति मीटर हे जसंच्या तसं राहू द्या. वाचकाने त्याचा अर्थ समजून घ्यावा अशी अपेक्षा नाही, त्याला आकडा १ च्या आत आहे का एवढंच बघायचं आहे.

जिथे शब्द बदलला की आकडा बदलतो

नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट मराठी शेतीत इतकं मुरलं आहे की त्याला हात लावायचं कारण नाही. तरी लिहिणारे हौसेने कधी 'स्फुरद' तर कधी 'फॉस्फरस' लिहितात, वाक्याला विविधता यावी म्हणून. ही विविधता महागात पडते.

खताच्या शिफारशीत आणि पोत्यावर जे स्फुरद असतं ते फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं असतं. शाळेच्या रसायनशास्त्रातला फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे. डीएपीचं उदाहरण घ्या. पोत्यावर १८:४६:० असतं. ५० किलोच्या पोत्यात नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलो. यातलं मूलद्रव्य फॉस्फरस काढलं तर ते साधारण १० किलोच भरतं. म्हणजे एखाद्या इंग्रजी लेखात हेक्टरी २० किलो फॉस्फरस सांगितलं असेल आणि तुम्ही ते 'हेक्टरी २० किलो स्फुरद' असं मराठीत आणलं, तर शिफारस निम्म्याहून कमी झाली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि झाड मात्र उपाशी.

पालाश आणि पोटॅशिअमचंही तसंच आहे, फक्त फरक कमी: पालाशच्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की पोटॅशिअम मिळतं. त्यामुळे पत्रकात खताबद्दल बोलताना फक्त स्फुरद आणि पालाश वापरा. मूळ मजकुरात मूलद्रव्य असेल तर आधी आकडा बदला, मग शब्द. माती अहवालातला आकडा कोणत्या रूपात आहे हे प्रयोगशाळेला विचारून घ्या, कारण दोन्ही पद्धती चालतात. दुकानासाठी एक ओळ पुरते: 'दुकानात पालाशला पोटॅश म्हणतात.'

ओळखीचे शब्द जास्त धोक्याचे

अनोळखी शब्द आला की वाचक थांबतो, विचारतो. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला तर तो थांबतच नाही. म्हणून कागदावरच्या यादीत सोपे वाटणारे शब्द दुसऱ्यांदा तपासा.

'सेंद्रिय कर्ब' बघा. सेंद्रिय म्हटलं की आज रसायनविरहित शेती आठवते. अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आला तर काही जण विचारतात की आम्ही तर रासायनिक खत टाकतो, मग हे कुठून आलं? शिवाय 'कर्ब' वडिलांच्या पिढीचा शब्द आहे, मुलगा शाळेत 'कार्बन' शिकला. तरीही मी सेंद्रिय कर्ब बदलत नाही, कारण अहवालावर तोच आहे आणि दुसरा रुळलेला पर्याय नाही. फक्त पहिल्याच ठिकाणी त्याला मोकळं करतो: 'शेणखत, पालापाचोळा, मुळं कुजून जमिनीत जो कार्बन राहतो, तो सेंद्रिय कर्ब. तो ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कमी समजा.'

'उपलब्ध' हा त्याहून फसवा. अहवालात 'उपलब्ध लोह' असं लिहिलेलं असतं. वाचणारा म्हणतो, जमिनीत लोह उपलब्ध आहे, छान. खरं तर झाडाला घेता येईल असं किती आहे त्याचा तो आकडा. जमिनीत लोह भरपूर असू शकतं आणि चुनखडीमुळे झाडाला ते मिळत नसतं. इथे पर्यायी शब्द शोधत बसू नका, वाक्यच बदला: 'झाडाला घेता येईल असं लोह'. लांब झालं तरी चालेल.

आणि 'केवडा'. संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. उसावर लोह कमी पडून पानं पिवळी-पांढरी झाली की त्याला केवडा म्हणतात, म्हणून हा गोड, अस्सल शब्द इथे वापरायचा मोह होतो. पण द्राक्षात आणि इतर काही पिकांत केवडा हा बुरशीचा रोग आहे. तसं समजून बागायतदाराने बुरशीनाशक फवारलं तर पैसाही जातो आणि बारही. कोशातला 'हरितलोप' अचूक आहे, पण त्यातून काय दिसतं ते कळत नाही. अशा वेळी दोन्ही सोडा आणि डोळ्यांना जे दिसतं ते लिहा. शेतकऱ्याला लक्षण ओळखायचं आहे, त्याचं नाव पाठ करायचं नाही.

दुकानाचा शब्द

काटोलच्या बाजारातल्या एका काउंटरवर मी असंच एक पत्रक दाखवत होतो. शेजारी उभ्या बागायतदाराने ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "जस्त म्हनता थे झिंकच न? मंग झिंकच लिवा ना भाऊ, दुकानदार थेच देते." त्यांचं म्हणणं रास्त होतं. जस्त हा जुना, सुंदर शब्द आहे, जस्ताचा पत्रा सगळ्यांना माहीत आहे. पण पोत्यावर झिंक सल्फेट आहे, बिलावर झिंक सल्फेट आहे. विकत आणायची वस्तू असेल तर पोत्यावरचं नाव जिंकतं, असा मी नियमच केला आहे. अन्नद्रव्य म्हणून पहिल्यांदा उल्लेख करताना 'झिंक म्हणजे जस्त' एवढं सांगावं, पुढे झिंक.

लोहाचं जरा वेगळं. अन्नद्रव्य म्हणून 'लोह' सगळ्यांना कळतं, अहवालातही तेच असतं, त्याला आयर्न करायची गरज नाही. पण विकत मिळतं ते फेरस सल्फेट, आणि जुनी माणसं त्यालाच हिराकस म्हणतात. पत्रकात मग 'लोह' आणि 'फेरस सल्फेट' हे दोन शब्द दोन कामांसाठी राहतात, आणि त्यांचं नातं एकदा स्पष्ट करावं लागतं: 'लोह कमी असेल तर फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, फवारतात.' मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी आले म्हणून भाषा बिघडत नाही. एकाच गोष्टीला दोन नावं पडली तर बिघडते.

मँगनीजला शेतीच्या मराठीत 'मंगल' म्हणतात. हा मी वापरत नाही. कारण एवढंच की दुकानात कुणी मंगल मागत नाही, आणि न कळणाऱ्या वाचकाला त्यातून भलताच अर्थ लागतो. पण मँगनीज लिहिताना शेजारच्या ओळीत मॅग्नेशिअम येणार असेल तर सावध राहा. दोन्हींचे सल्फेट दुकानात मिळतात आणि नावं कानाला जवळजवळ सारखी लागतात. शक्य असेल तर ती दोन नावं एका परिच्छेदात आणू नका.

'चिलेटेड' हा शब्द कोणत्याही मार्गाने टळत नाही, डब्यावर तोच छापलेला असतो. त्याला मराठी घडवण्यापेक्षा काम सांगा: 'चिलेटेड खतात लोह एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं असतं, म्हणून चुनखडीच्या जमिनीत ते लगेच बांधलं जात नाही.' लगोलग मर्यादाही लिहा. सगळी चिलेट सारखी नसतात. ईडीटीए प्रकारातलं लोह चढ्या सामूच्या मातीत टिकत नाही, तिथे ईडीडीएचए प्रकार लागतो. ही आद्याक्षरं अगदी तशीच ठेवा. डब्यावर जुळवून बघता येणं हाच त्यांचा उपयोग.

एक परिच्छेद, आधी आणि नंतर

हा खर्डा बघा, संस्थांच्या अहवालांवरून मराठीत आणताना असाच तयार होतो:

'सदर मृदेचा सामू ८.२ असून मुक्त चुन्याचे प्रमाण अधिक असल्याने उपलब्ध लोह व जस्ताची न्यूनता आढळते. परिणामी कोवळ्या पर्णांवर आंतरशिरा हरितलोप दिसून येतो.'

यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण 'मुक्त चुना' वाचून चुना मोकळा, म्हणजे फुकट की सुटा, असा प्रश्न पडतो. गावात त्याला चुनखडी म्हणतात आणि अहवालातही बहुधा तोच शब्द असतो. एक खुलासा मात्र हवा. वावरात दिसणारे पांढरे खडे म्हणजेच सगळी चुनखडी नव्हे. मातीत बारीक मिसळलेली डोळ्याला दिसत नाही, आणि लोहाला जास्त अडवते ती हीच. म्हणून खडे दिसत नाहीत तर चुनखडी नाही, असं वाचकाने समजू नये.

आता तोच मजकूर:

'या वावराचा सामू ८.२ आहे आणि मातीत चुनखडी जास्त आहे. अशा जमिनीत लोह आणि झिंक असूनही झाडाला घेता येत नाही. अहवालात लोह ३.८ आणि झिंक ०.४ आलं आहे. लोह ४.५ च्या आणि झिंक ०.६ च्या खाली गेलं की कमी समजतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोहाची कमतरता. पानं लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे असतील तर झिंकची.'

दुसरा मजकूर लांब आहे. वाढलेली जागा आकड्यांनी आणि लक्षणांनी घेतली आहे, समानार्थी शब्दांनी नाही. आकड्यांचं एकक मिलिग्रॅम प्रति किलो, ते तक्त्याच्या डोक्यावर एकदा द्यावं, वाक्यात पुन्हा पुन्हा नको. आणि फळबागेत नुसत्या मातीवर विसंबता येत नाही, पानांचं परीक्षणही करावं लागतं. ही ओळ पत्रकात असलीच पाहिजे.

छापण्याआधीची तपासणी

ठरलेल्या शब्दांची छोटी यादी करा आणि प्रत्येकाचं एकच लेखन पक्कं करा. पोटॅश की पोटाश, मॅग्नेशिअम की मॅग्नेशियम, झिंक की झिन्क. हिंदी मजकुरावरून घेतलेल्या ओळींत 'पोटाश', 'जस्ता', 'मृदा' हमखास येतात, ते शोधून बदला. मग नाकारलेला प्रत्येक शब्द फाइलमध्ये शोधा. 'फॉस्फरस' एकदाही सापडता कामा नये.

नंतर पत्रक दोघा-तिघांना वाचायला द्या. एक वयस्क बागायतदार, एक तरुण, आणि जमलं तर बाग सांभाळणारी एखादी बाई, कारण अहवाल घरात बहुतेकदा तीच जपून ठेवते. 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. अहवाल हातात द्या आणि सांगा, यातला सामू कुठे आहे ते दाखवा. मग विचारा, आता दुकानात जाऊन काय मागाल? बोट चुकीच्या रकान्यावर गेलं, की ओळख करून देणारं वाक्य दुरुस्त करायचं. दुकानात मागायच्या वस्तूचं नाव अडखळलं, तर शब्दच बदलायचा. दोन चुका वेगळ्या आहेत, उपायही वेगळे.

हेच पत्रक पुढे नागपुरातल्या गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांसाठी काढायचं झालं तर जुनी यादी जशीच्या तशी वापरू नका. त्या वाचकाने सामू ऐकलेला नसतो. पीएच मात्र पाण्याच्या फिल्टरच्या आणि शाम्पूच्या जाहिरातींतून त्याच्या घरात पोचलेलं असतं, आणि तो घेतो ती छोटी किटही पीएचचीच असते. तिथे पीएच घ्या, सामू एकदाच सांगा. नत्र-स्फुरद-पालाश त्यांना एनपीके म्हणून माहीत असतं, कारण पाकिटावर १९:१९:१९ च्या शेजारी तेच छापलेलं असतं. चुनखडीचा परिच्छेद तर पूर्ण काढता येईल. कुंडीतली माती विकत आणलेली, शेणखत आणि कोकोपीट मिसळलेली असते. तिथे बघायची असते ती क्षारता, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी रोज घालून कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो. त्या पत्रकात 'ईसी' हा शब्द मी अजिबात आणणार नाही.